सी ड्राइव्हची लाल पट्टी

आटगावात लग्नाच्या व्हिडिओला अजून ‘कॅसेट’च म्हणतात. द्यायची असते पेनड्राइव्हमध्ये, पण वराचा बाप विचारतो, “कॅसेट कधी मिळणार?” माझा भाचा या कॅसेटींचं मिक्सिंग करतो. कामं आसनगाव, खर्डी, कधी मुरबाडकडची. हळदीच्या रात्री दोन कॅमेरे, दुसऱ्या दिवशी लग्नाला तेच दोन. शूटिंग करणारा दुसरा. कार्डं रिकामी करून घेणं आणि जोडकाम याच्याकडे. लॅपटॉप जुनाच, पण त्यात २५६ जीबीची एसएसडी टाकून घेतलेली, त्यामुळे चालतो तुरुतुरु. म्हणजे चालत होता.

मे महिन्यात एका संध्याकाळी तो लॅपटॉप काखेत मारूनच आला. “मामा, एक्स्पोर्ट ऐंशी टक्क्यांवर अडकतंय. आणि गेमचा अपडेट पण होत नाही, जागा नाही म्हणतो. मी तर काही टाकलंच नाही यात.”

This PC उघडलं, तर सी ड्राइव्हची पट्टी लाल. दहा टक्क्यांपेक्षा कमी जागा उरली की विंडोज ती लाल करतं. २३८ पैकी ९ जीबी शिल्लक होते. २५६ ची डिस्क २३८ कशी दिसते, हा प्रश्न त्याने विचारलाच. त्यात फसवणूक नाही. कंपनी एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरते, विंडोज १,०२४ च्या पटीत मोजतं. बाइट तेवढेच, माप वेगळं.

मग “मी काहीच टाकलं नाही” याची मोजणी केली. विझट्रीसारखं जागा मोजणारं फुकट सॉफ्टवेअर एका मिनिटात सगळ्या फोल्डरांची उतरंड दाखवतं. विंडोज आणि त्याच्या फाइली ४६, प्रीमियर धरून बाकी सॉफ्टवेअर १९, गेम ६२, डाउनलोड आणि किरकोळ २७. इथपर्यंत त्याला माहीत होतं. माहीत नव्हते ते दोन आकडे: ३४ आणि ४१. हे ७५ जीबी त्याने टाकलेच नव्हते. प्रीमियरने काम करता करता लिहिले होते.

आमच्याकडे भात झोडायच्या दिवसांत खळं लागतं, आणि खळं पोत्यांपेक्षा मोठं असतं. पेंढा पसरायला, वारा द्यायला, रास करायला जागा हवी. पोती बांधली की खळं पुन्हा मोकळं. व्हिडिओचं मिक्सिंग काय किंवा गेमचा अपडेट काय, दोघांनाही असंच खळं लागतं. फरक इतकाच, की संगणकातलं खळं कुणी आपणहून झाडत नाही.

आधी त्या ३४ जीबीचं बघू. कॅमेऱ्याने दिलेल्या एमपी४ फाइलमधला आवाज दाबून भरलेला असतो. टाइमलाइनवर मागे-पुढे उड्या मारताना तो दर वेळी सोडवत बसलं तर गाडी अडखळेल. म्हणून क्लिप आत घेतली की प्रीमियर तिचा आवाज एकदाच सोडवून, फुगवून, वेगळ्या फाइलीत लिहून ठेवतं. त्या फाइलीचं शेपूट .cfa. आवाजाचा चढ-उतार दाखवणारा आलेख .pek मध्ये जातो, तो लहान असतो. फुगते ती .cfa, आणि किती फुगते याचा हिशेब बोटांवर करता येतो. सेकंदाला ४८,००० नमुने, प्रत्येक नमुना चार बाइटचा, आणि डावा-उजवा असे दोन आवाज. म्हणजे सेकंदाला ३,८४,००० बाइट, तासाला साधारण १.४ जीबी. क्लिपमध्ये चित्र काय आहे याच्याशी त्याचा संबंध नाही. मांडवात धवलारीण गात असो की कॅमेरा चालू राहून नुसती सतरंजी दिसत असो, तासाला १.४ जीबी ठरलेले.

दोन कॅमेरे मिळून एका लग्नाचं साडेसहा तासांचं शूटिंग येतं. म्हणजे एका लग्नामागे नऊ जीबी. याच्या डिस्कवर चार लग्नांचे असे ढीग होते, त्यांतल्या तिघांची कॅसेट देऊन पैसेही मिळाले होते. प्रीमियर ते आपणहून का काढत नाही? कारण तशी सेटिंग मुळातच बंद असते. Edit > Preferences > Media Cache उघडलं की पहिलाच पर्याय निवडलेला दिसतो: Do not delete cache files automatically. सांगितलं नाही तर ते हे ढीग वर्षानुवर्षं राखून ठेवतं. आणि ठेवतं कुठे, तर सी ड्राइव्हवर, वापरकर्त्याच्या लपलेल्या फोल्डरात. तो फोल्डर किती जागा खातो हे कमांड प्रॉम्प्टवर एका ओळीत कळतं:

```
dir /s /a "%APPDATA%\Adobe\Common\Media Cache Files"
```

शेवटच्या दोन-तीन ओळींत फाइलींची संख्या आणि एकूण बाइट येतात. तिथे बघायचं, वरची यादी वाचत बसायचं नाही.

आता ४१ जीबी. हे प्रकरण वेगळं आहे. टाइमलाइनवर एखाद्या क्लिपला रंग सुधारला, स्लो मोशन दिली, वर फुलांची फ्रेम चढवली, की वरची पट्टी लाल होते. म्हणजे हा तुकडा थेट वाजवताना अडखळू शकतो. एंटर दाबलं की प्रीमियर तो तुकडा एकदा पूर्ण तयार करून फाइल लिहितं आणि पट्टी हिरवी होते. या तयार तुकड्यांना प्रिव्ह्यू म्हणतात. हे मुद्दाम कमी दाबलेल्या प्रकारात लिहिलेले असतात, कारण ते झटकन वाजणं महत्त्वाचं, लहान असणं नाही. याच्या सीक्वेन्सला प्रोरेस ४२२ एलटी निवडलेलं होतं. फुल एचडी, सेकंदाला २५ चित्रं, या मापात अ‍ॅपलच्या आकड्यांप्रमाणे त्याला सेकंदाला ८५ मेगाबिट लागतात. आठाने भागलं की साडेदहा मेगाबाइट, आणि तासाला ३८ जीबी. दोन तासांची पूर्ण कॅसेट कुणी हिरवी करून ठेवली तर ७६ जीबी होतील, आणि पेनड्राइव्हवर जाणारी तीच कॅसेट १६ मेगाबिटने काढली तर पंधरा जीबीचीही होत नाही. खळं पोत्यांपेक्षा पाचपट मोठं.

हे प्रिव्ह्यू प्रीमियर मुळात प्रोजेक्टच्या फाइलीशेजारीच ठेवतं, Adobe Premiere Pro Video Previews नावाच्या फोल्डरात. भाच्याचे सगळे प्रोजेक्ट डेस्कटॉपवर. त्यामुळे ते सी ड्राइव्हवर साठलेच, शिवाय डेस्कटॉप वनड्राइव्हला जोडलेला असल्याने त्याची पाच जीबीची फुकटची जागा भरून ‘जागा संपली’ असे निरोप महिनाभर येत होते. ते त्याने न वाचता बंद केले होते. आपण सगळेच करतो.

पुसायला बसलो तेव्हा त्याचा हात एकदम त्या फोल्डरांकडे गेला. मी थांबवलं. Video Previews च्या शेजारी त्याच चेहऱ्यामोहऱ्याचा आणखी एक फोल्डर असतो: Adobe Premiere Pro Auto-Save. त्यात प्रोजेक्टच्या जुन्या प्रती असतात, काही एमबींच्या. त्या काढून जागा काहीच मिळत नाही, आणि मूळ फाइल बिघडली तर तीन रात्रींचं जोडकाम परत आणायला तेवढाच आधार असतो. प्रिव्ह्यू गेला तर पुन्हा एंटर दाबायचं आणि चहा प्यायचा. प्रोजेक्ट गेला तर हळद पुन्हा लागत नाही.

म्हणून पुसण्याआधी मी फाइलीची साइज बघत नाही. ही पुन्हा कशातून तयार होईल आणि त्याला किती वेळ लागेल, एवढंच विचारतो. .cfa पुन्हा तयार होते मूळ क्लिपमधून, दहा-वीस मिनिटांत. प्रिव्ह्यू तयार होतो प्रोजेक्ट आणि क्लिप यांच्यातून, तासा-दोन तासांत. गेम पुन्हा येतो इंटरनेटवरून. आमच्याकडे मोबाइलच्या डेटावर ६० जीबी म्हणजे कित्येक दिवस. कॅमेऱ्याची क्लिप आणि प्रोजेक्टची फाइल मात्र कशातूनच येत नाहीत. या दोन्ही दोन ठिकाणी हव्यात.

काम असं केलं. प्रीमियर उघडून, पण कुठलाही प्रोजेक्ट न उघडता, Media Cache च्या पानावर Delete दाबलं आणि वापरात नसलेल्या फाइली काढायचा पर्याय निवडला. त्याने ढीग कमी झाला, पण पुरेसा नाही. मग प्रीमियर पूर्ण बंद करून, फोल्डरात जाऊन जुन्या तारखांच्या फाइली हाताने काढल्या. प्रीमियर चालू असताना हा उद्योग करू नये. ते वापरत असलेली फाइल खालून ओढली तर आवाजाच्या जागी शांतता ऐकू येते. चालू लग्नाचे सहा जीबी ठेवले, २८ निघाले. कॅसेट दिलेल्या तीन लग्नांचे Video Previews फोल्डर पूर्ण काढले. चौथ्याचे प्रिव्ह्यू नव्हतेच. असा प्रोजेक्ट नंतर उघडला तर प्रीमियर प्रिव्ह्यू फाइली कुठे आहेत म्हणून विचारतं. तेव्हा शोधत न बसता त्या वगळायला सांगायचं. चालू प्रोजेक्टमधलेच प्रिव्ह्यू काढायचे असतील तर Sequence > Delete Render Files हा सरळ रस्ता आहे.

नंतर रिसायकल बिन रिकामी केली. हे वाचायला बावळट वाटेल, पण ४१ जीबी ‘काढल्यावर’ पट्टी तशीच लाल बघून भाचा हबकला होता. बिनमधली फाइल डिस्कवरच असते.

विंडोजच्या ४६ मध्ये hiberfil.sys नावाची तीन जीबीची फाइल असते, हायबरनेटसाठी. powercfg /h off ही आज्ञा दिली की ती जाते, असं कुठेही वाचायला मिळतं, आणि ते खरं आहे. मी तिला हात लावला नाही. पावसात आमची वीज दोन-दोन तास जाते, बॅटरी संपत आली की लॅपटॉप हायबरनेट होऊन काम जसंच्या तसं ठेवतो. तीन जीबीसाठी ते घालवणं मला परवडणारं वाटलं नाही.

आता शिल्लक झाले ९ अधिक २८ अधिक ४१, म्हणजे ७८ जीबी. भाच्याला वाटलं, चला, ७८ जीबी वापरायला मिळाले. तेवढे मिळत नाहीत, आणि का, ते एसएसडीच्या पोटात आहे.

जुन्या हार्डडिस्कवर लिहिलेल्या जागी सरळ दुसरं लिहिता येतं. एसएसडीत तसं येत नाही. ती पानं-पानं लिहिते, पण पुसते मात्र पानांचा अख्खा गठ्ठा एकदम. गठ्ठ्यातली काही पानं कामाची आणि काही रद्द असतील, तर आधी कामाची पानं दुसरीकडे उतरवून घ्यायची, मग गठ्ठा पुसायचा. मोकळे गठ्ठे भरपूर असले की हे काम ती निवांत वेळी करते. डिस्क गच्च असली की प्रत्येक लिहिण्याच्या आधी हीच उचल-ठेव करावी लागते. त्यात स्वस्त एसएसडी आणखी एक युक्ती करते: रिकाम्या भागातला काही भाग तात्पुरता झटपट लिहिण्यासाठी वापरते, नंतर सावकाश नीट लावते. रिकामी जागाच कमी झाली की हा झटपट भागही आक्रसतो. मग सुरुवातीला चारशे मेगाबाइटने लिहिणारी डिस्क मध्येच साध्या हार्डडिस्कच्या खाली उतरते. भाच्याचं एक्स्पोर्ट ऐंशी टक्क्यांपर्यंत धडाक्यात जायचं आणि मग बसायचं, त्यामागे हेही एक कारण असू शकतं.

यासाठी मी पाचवा हिस्सा कायम मोकळा ठेवतो. २३८ चा पाचवा हिस्सा ४८. म्हणजे वापरायला खरे ३० जीबी. आपण पुसलेली जागा खरंच मोकळी झाली हे एसएसडीला कळण्यासाठी ट्रिम चालू हवं. ते असं बघायचं:

```
fsutil behavior query DisableDeleteNotify
```

एनटीएफएसच्या ओळीत ० आलं म्हणजे चालू. नावातच ‘बंद करा’ असल्याने ० म्हणजे चालू, हे ज्याने ठरवलं त्याला नमस्कार.

“इतकं लिहून-पुसून एसएसडी झिजणार नाही का?” भाच्याने हे कल्याणच्या दुकानात ऐकलं होतं. हिशेब करू. किंग्स्टनच्या ए४०० या स्वस्त मालिकेतल्या २४० जीबीच्या डिस्कला कंपनी ८० टेराबाइट लिहिण्याची हमी देते. एका लग्नामागे ६० जीबी लिहिले आणि वर्षाला चाळीस लग्नं केली, तर वर्षाला अडीच टेराबाइटही होत नाहीत. गच्च डिस्कवर आतल्या उचल-ठेवीने आकडा दुप्पट-तिप्पट झाला तरी दहा वर्षं कुठे गेली नाहीत. तोवर लॅपटॉपची बिजागरी तुटेल.

राहिला प्रश्न, तीस जीबीत पुढची लग्नं कशी मावायची. इथे कोणती फाइल कुठे ठेवायची हे वेगाच्या आकड्यांवरून ठरतं. कॅमेऱ्याची क्लिप ५० मेगाबिटची, म्हणजे सेकंदाला सव्वासहा मेगाबाइट. दोन कॅमेरे एकदम वाजवले तरी साडेबारा. बाहेरून लावायची एक टीबीची साधी हार्डडिस्क सलग वाचताना सेकंदाला शंभरच्या आसपास देते. मग क्लिपा एसएसडीवर आणायचं काहीच कारण नाही. एका लग्नाच्या साडेसहा तासांचे १४६ जीबी होतात, ते त्याच्या डिस्कवर तसेही मावले नसते. प्रिव्ह्यूंनाही साडेदहा मेगाबाइट पुरतात, तेही हार्डडिस्कवर जाऊ दे. त्यासाठी File > Project Settings > Scratch Disks मध्ये Video Previews ची जागा बदलायची. फक्त ती डिस्क निळ्या यूएसबी भोकात लावायची. जुन्या यूएसबी २ मध्ये वेग पस्तीस-चाळीसवर येतो. फुल एचडीला तेही चालेल, पण ४के मध्ये हेच प्रिव्ह्यू सेकंदाला ४३ मेगाबाइट मागतात, तिथे अडेल. मीडिया कॅशे मात्र एसएसडीवरच राहू दिलं. त्यात हजारो लहान फाइली इकडून तिकडून वाचल्या जातात, आणि हार्डडिस्कची सुई तिथे दमते. त्याला मर्यादा घातली: Media Cache च्या पानावर ठरावीक साइजच्या वर गेलं की जुन्या फाइली काढायचा पर्याय आहे, तिथे २० जीबी लिहिलं. दोन लग्नं त्यात मावतात.

एक खोड मात्र ध्यानात ठेवायला हवी. बाहेरची डिस्क आज E: असते, उद्या आधी पेनड्राइव्ह लावला तर F: होते. प्रीमियर E: शोधतं, सापडत नाही, इशारा देऊन जागा पुन्हा मूळच्या ठिकाणी नेतं, आणि आपण इशारा न वाचता ओके करतो. दोन आठवड्यांनी सी ड्राइव्ह परत लाल. उपाय एकदाच करायचा: diskmgmt.msc उघडून त्या डिस्कला W: असं दूरचं अक्षर देऊन टाकायचं. आणि डिस्क नवी असेल तर ती एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करावी. एक्सफॅटमध्ये बदलांची नोंदवही नसते, लिहिताना वायर हलली तर फोल्डरच गायब होण्याची भीती जास्त.

आता गेम. खरं सांगायचं तर मी तो काढायला लावणार, असंच ठरवून बसलो होतो. काउंटर-स्ट्राइक हा याचा खेळ. जुन्या ग्लोबल ऑफेन्सिव्हसाठी स्टीमच्या पानावर १५ जीबी जागा मागितलेली असायची. २७ सप्टेंबर २०२३ ला त्याच्याच जागी काउंटर-स्ट्राइक २ आला आणि मागणी झाली ८५ जीबी. ज्यांच्याकडे जुना होता त्यांच्याकडे तो अपडेट म्हणूनच उतरला. म्हणजे इथेही “मी काही टाकलं नाही” हे खरंच होतं.

पण गेम मोठा असण्यापेक्षा त्याचा अपडेट जास्त छळतो. पडद्यावर दिसतं अर्ध्या जीबीचा अपडेट, आणि स्टीम म्हणतं जागा अपुरी. कारण स्टीम जुनी फाइल तिथल्या तिथे दुरुस्त करत नाही. जुन्या फाइलीशेजारी नवी पूर्ण फाइल उभी करतं, न बदललेला भाग जुन्यातून उतरवून घेतं, बदललेले तुकडे इंटरनेटवरून आणतं, आणि सगळं नीट झाल्यावरच जुनी काढून नवी जागेवर बसवतं. गेम बनवणाऱ्यांसाठीच्या स्टीमच्या माहितीपत्रकात याचं उदाहरणच दिलंय: २५ जीबीच्या फाइलीत फक्त दहा बाइट बदलले तरी नवी २५ जीबीची फाइल लिहावी लागते. वीज मध्येच गेली तरी जुना गेम शाबूत राहतो, हा त्यातला फायदा. पण तेवढा वेळ खळं मोकळं हवं. हे सगळं steamapps फोल्डरातल्या downloading मध्ये चालतं, आणि तो त्याच ड्राइव्हवर असतो जिथे गेम आहे. तो हाताने पुसू नये. अपडेट पुरा झाला की आपोआप रिकामा होतो.

म्हणजे प्रिव्ह्यू हार्डडिस्कवर गेल्यावर, कॅशे विसाच्या आत राहिल्यावर, गेमला अपडेटपुरती जागा सी ड्राइव्हवर उरते. मोठ्या अपडेटला पाचव्या हिश्श्यातलेही थोडे जीबी तासाभरासाठी उसने घेता येतात. अट एकच: एक्स्पोर्ट आणि अपडेट एकाच वेळी नकोत. स्टीमच्या डाउनलोडच्या सेटिंगमध्ये अपडेटची वेळ ठरवता येते, ती पहाटेची करून दिली. लग्नसराईत फारच ओढाताण झाली, तर गेमवर राइट क्लिक, Properties, Installed Files, आणि Move install folder. तो हार्डडिस्कवर जातो, पुन्हा डाउनलोड करावा लागत नाही. तिथून चालतोही, फक्त नकाशा उघडायला वेळ लागतो.

“म्हणजे बाकीचे खेळायला लागलेले असतील आणि मी अजून आत येतोय,” भाचा म्हणाला. “नको. गेम इथेच राहू दे मामा, कॅशे मी झाडेन.”

मी त्याला कॅसेट देण्याच्या वहीत एक रकाना वाढवून दिला. नाव, तारीख, बाकी रक्कम, आणि शेवटी ‘प्रिव्ह्यू काढले’. बाकी मिळाल्याशिवाय त्या रकान्यात टिक करायची नाही. गिऱ्हाईक “हे एक गाणं बदला” म्हणून परत येतं ते पैसे देईपर्यंतच. जूनमध्ये पुन्हा लॅपटॉप बघितला तेव्हा पट्टी निळी होती, ६१ जीबी शिल्लक, आणि वहीत दोन लग्नांपुढे टिक नव्हती. खर्डीच्या पार्टीने अजून बाकी दिलेली नाही.